फ्रिजमधल्या भाताचा दहीभात दुपारी डब्यात गोळा होतो, लिंबूभात घशाला लागतो: नेमकं चुकतं कुठे

कांदिवलीच्या वहिनींनी परवा दुपारी डब्याचा फोटो पाठवला, दहीभातात चमचा उभा राहिलाय आणि खाली लिहिलंय, भाऊजी हे बघा, सकाळी मऊ होता, आता सिमेंट झालंय, प्रत्येक वेळी असंच होतं, दही वाढवलं तर आंबट होतो आणि नाही वाढवलं तर हे. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकलीये की एकदा सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं. लिंबूभाताचं दुखणं वेगळं असतं पण मूळ एकच आहे, म्हणून तोही शेवटी घेतलाय, थोडक्यात.

आधी मूळ कारण. बहुतेक लोक दोष दह्याला देतात आणि दही बदलत बसतात, आज हे पाकीट, उद्या ते, घरी लावलेलं, विकतचं. दह्याचाही दोष असतो थोडा, पण तो दोन नंबरला. खरा प्रॉब्लेम भाताचा आहे. भात शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि सैल होतो, तेच भात गार व्हायला लागला की तो स्टार्च परत आवळत जातो, एकमेकाला चिकटून घट्ट बसतो आणि धरलेलं पाणी सोडतो. फ्रिजच्या थंडीत हे सगळ्यात जोरात होतं, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेला भात सकाळी दाणेदार, कडक, मोडला की खडूसारखा भुगा होणारा लागतो. तो वाळलाय असं आपल्याला वाटतं पण नुसता वाळलेला नसतो, आतून आवळलेला असतो. त्यामुळे त्यावर गार दही, गार दूध कितीही ओता, दाणा मऊ होत नाही, तो फक्त ओला होतो आणि डब्यात बसल्या बसल्या ते दूध-दही हळूहळू शोषत राहतो. दुपारी उघडलं की पातळपणा सगळा दाण्यात गेलेला आणि दाणा तरीही कडकच, म्हणजे दोन्हीकडून गेलो.

म्हणून पहिला नियम असा की फ्रिजमधला भात दह्यात किंवा फोडणीत थेट टाकायचा नाही. आधी पाणी आणि उष्णता, दोन्ही एकत्र. चांगली दणदणीत वाफ मिळाली की आवळलेला स्टार्च बराचसा परत सैल होतो, नुसतं कोमट करून होत नाही, दाणा आतपर्यंत कडकडीत गरम व्हावा लागतो आणि त्या वेळी जवळ पाणी असावं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर भात एक मिनिट तसाच कोरडा फिरवला तर उलट आहे ते पाणीही उडून जातं, वरचे दाणे मक्याच्या दाण्यासारखे टणक होतात. बरेच जण नेमकं हेच करतात आणि म्हणतात गरम तर केला होता.

मऊ झाला की नाही हे डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं. एक दाणा घ्या, अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबा. मध्ये पांढरा कण राहिला आणि तो तुटून बाजूला पडला तर अजून वाफ पाहिजे. दाणा पसरला आणि बोटावर लोण्यासारखा फिस्कटला तर दहीभाताला तयार. दाणा चपटा झाला पण अख्खा राहिला, फुटला नाही, तर तो लिंबूभाताला योग्य. हे जमलं ना की अर्धं काम झालं, बाकी सगळं वाटी-चमच्याचं गणित.

वहिनींना फोन लावला आणि एकेक विचारत गेलो. तांदूळ कुठला? बासमती, रविवारच्या पुलावासाठी आणलेला, तोच रोजच्या भाताला चाललाय. ठेवला कसा होता? पातेल्यातच, वर ताटली अर्धवट. गरम कसा केला? मायक्रोवेव्ह, मिनिटभर. दही? विकतचं घट्ट, ज्यात चमचा उलटा केला तरी पडत नाही. दूध? नाही घातलं, पातळ होतो ना. फोडणी? साजूक तुपाची, जिरं आणि हिंग, वरून कडकडीत. आणि तो डबा दुपारपर्यंत ऑफिसच्या फ्रिजमध्ये.

या सगळ्यात चूक अशी एकही मोठी नाहीये बरं का, पण प्रत्येक गोष्ट भात घट्ट करण्याच्या बाजूनेच झुकलीये. एकेक घेतो.

तांदूळ

बासमती हा मोकळा राहण्यासाठीच असतो, त्याच्या स्टार्चचा स्वभावच असा की गार झाला की तो जास्त कडक होतो आणि नुसत्या वाफेने पूर्ण परत येत नाही. पुलावात हेच आपल्याला पाहिजे असतं, दहीभातात हेच नडतं. आंबेमोहोर, इंद्रायणी हे चिकट बाजूचे, दुसऱ्या दिवशीही लवकर मऊ होतात, दहीभाताला उत्तम पण लिंबूभाताला लगदा होतो. मधला म्हणजे कोलम, मुंबईत बहुतेक घरी रोजच्या भाताला तोच असतो, वाड्याचा असो की सुरती, तो दोन्हीकडे चालतो. म्हणजे आदल्या रात्रीच माहीत असेल की उद्या डब्याला दहीभात न्यायचाय तर रात्री कोलम लावा आणि पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त घाला, बस.

पण समजा बासमतीच उरलाय, आता काय, टाकून तर देणार नाही. मग मायक्रोवेव्हचा नाद सोडा आणि कुकर काढा. कुकरमध्ये दाबामुळे उष्णता उकळत्या पाण्यापेक्षा वर जाते आणि जो कडकपणा साध्या वाफेला दाद देत नाही तो तिथे सुटतो. भाताच्या भांड्यात पाणी घालून एक शिट्टी, फार तर दोन. दूध मात्र कुकरमध्ये भातात घालू नका, उतू जाऊन शिट्टीतून बाहेर येतं, ओटा पुसायला लागतो आणि शिट्टीचं भोक चोंदलं तर ते वेगळंच.

पातळ दिसायला घाबरू नका

आमच्या मजल्यावर एक मामी राहतात, मूळच्या पालघाटच्या, सगळं आयुष्य माटुंग्यात गेलेलं, मराठी आपल्यापेक्षा कडक. त्यांच्याकडे दहीभात कालवताना पहिल्यांदा बघाल तर वाटेल ही खीर करतायत की काय, इतकं पातळ. मी विचारलं तर म्हणाल्या, "अरे कालवताना पातळच दिसला पाहिजे, घट्ट तो स्वतःहून होतो, त्याला शिकवायला लागत नाही." हे वाक्य ओट्यावर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. मऊ झालेला भातसुद्धा पुढचे दोन-तीन तास पाणी पीतच राहतो, थंड होताना परत थोडा आवळतो, आणि दहीही थंडीत घट्ट होतं. तुम्ही सकाळी सात वाजता जो घट्टपणा खायला योग्य म्हणून ठरवता तो एक वाजता राहणारच नाही. सकाळी पळीतून ओघळला पाहिजे, तेव्हा कुठे दुपारी चमच्यात बसेल असा होतो.

पातळ करायचं ते दुधाने, पाण्याने नाही आणि नुसत्या दह्याने तर नाहीच. नुसतं दही वाढवलं की आंबटपणा वाढतो, पाण्याने चव पचपचीत होते. दूध दोन कामं करतं, मऊपणा देतं आणि आंबटपणा पसरवून टाकतं. मुंबईच्या हवेत दही तसंही थांबत नाही, त्यातले जिवाणू डब्यातही काम करतच असतात, एप्रिल-मेमध्ये तर सकाळचं गोड दही दुपारी ताकावर आलेलं असतं. म्हणून दही त्याच दिवशीचं, गोडसर घ्यायचं आणि थंड असतानाच मिसळायचं. दोन दिवसांचं आंबट दही संपवायला दहीभात करू नका प्लीज, त्याची कढी करा.

आणि दही घालताना भात गरम नको. गरम भातात दही पडलं की ते फाटतं, बारीक कण होतात, पाणी वेगळं होतं आणि जिभेला रवाळ लागतं. करंगळी भातात घालून सावकाश पाचपर्यंत मोजता आलं की दही घालायला हरकत नाही.

वहिनींचा डबा, नीट केलेला

आता प्रत्यक्ष माप. वाटी म्हणजे आपली नेहमीची आमटीची, साधारण 150 मिलीची. एका भुकेल्या माणसाला हे पुरतं, वहिनी आणि त्यांची शेजारच्या टेबलवरची मैत्रीण दोघींना चवीपुरतं.

फ्रिजमधला भात दोन वाट्या, दाबून न भरता. हात ओला करून आधी गुठळ्या मोडायच्या, थंड भाताच्या गुठळीत वाफ शिरत नाही आणि मग मऊ भातात मधूनमधून कडक गोळे येतात. पाऊण वाटी पाणी घालायचं, कोलम असेल तर अर्धी वाटी पुरे. बासमती म्हणून वहिनींना कुकरची एक शिट्टी सांगितली. कोलम असता तर मायक्रोवेव्हच्या भांड्यात झाकण ठेवून दोन मिनिटं, मग ढवळून आणखी एक मिनिट आणि नंतर दोन मिनिटं झाकण न उघडता तसाच, असं केलं तरी होतं. ती शेवटची दोन मिनिटं लोक खातात आणि तिथेच फसतात, वाफ दाण्याच्या आत जायला तेवढा वेळ लागतोच.

भात गरम असतानाच घोटायचा, डावाच्या पाठीने किंवा पावभाजीच्या मॅशरने, मिक्सर अजिबात नको, मिक्सरमध्ये खळ होते, पोस्टर चिकटवायच्या कामाची. निम्मे दाणे फुटलेले, निम्मे अख्खे असं झालं की थांबायचं. घोटणं गरम असतानाच का, तर गार झाल्यावर दाणा फुटतो पण मोकळा होत नाही, भुगा होतो. मग लगेच अर्धी वाटी गरम दूध आणि पाऊण चमचा मीठ घालून सारखं करायचं. भात ते दूध तुमच्यासमोर पिऊन टाकेल, घाबरू नका, तेवढ्यासाठीच ते आहे.

आता गार करायचं, आणि पटकन. मोठ्या परातीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात भाताचं पातेलं ठेवायचं आणि मधूनमधून ढवळायचं, दहा मिनिटांत होतो. ओट्यावर तसाच ठेवून आंघोळीला जाणं ही सवय सोडा, का ते खाली सांगतो. करंगळीची परीक्षा पास झाली की फ्रिजमधून काढलेलं दही पाऊण वाटी, फेटून सारखं केलेलं, आणि थंड दूध अर्धी वाटी. घट्ट विकतचं दही असेल तर ते अर्धी वाटीच घ्या आणि दूध तेवढं वाढवा. पळीने उचलून सोडलं तर जाडसर धार पडली पाहिजे. धार न पडता गोळा पडला तर अजून दूध.

शिवाय एका छोट्या डबीत पाव वाटी दूध वेगळं. हा माझा आग्रह आहे. ऑफिसच्या फ्रिजमध्ये डबा ठेवला की कितीही नीट करा, थोडा तरी आवळतोच, जेवायच्या वीस मिनिटं आधी डबा बाहेर काढून ते दूध घालून ढवळलं की परत सकाळसारखा. झाकणाची रबरी रिंग बघून घ्या, पातळ दहीभात आणि सकाळची आठ सतराची फास्ट लोकल हे कॉम्बिनेशन पिशवीला परवडत नाही.

काकडी, डाळिंब, द्राक्षं घालायची असतील तर ती खातानाच, मिठाच्या भातात काकडी सकाळी घातली की दुपारपर्यंत सगळं पाणी सोडते आणि वर पांढरट पाणी तरंगतं, मग परत दही फाटलं म्हणून दह्याला शिव्या.

फोडणी, आणि तूप कुठे नडतं

वहिनींच्या फोटोत भातावर पांढरे बारीक ठिपके दिसत होते, त्यांना वाटलं दही फाटलं. ते तूप होतं. साजूक तूप थंडीत गोठतं, फ्रिजमधल्या दहीभातात त्याचे रवे होतात आणि टाळूला मेणासारखे चिकटतात. ताटात वाढून लगेच खायचा असेल तर तुपाची जिऱ्याची फोडणी, तिच्यासारखी दुसरी नाही, त्यात वादच नाही. पण गार डब्यासाठी तेल घ्या, शेंगदाण्याचं नाहीतर तिळाचं, दोन चमचे. खोबरेल तेलाची चव दहीभाताला छान लागते पण तेही फ्रिजमध्ये तुपासारखंच गोठतं, त्यामुळे ते घरच्यासाठी.

कढलं लहान घ्या म्हणजे दोन चमचे तेलातही मोहरी बुडेल. तेल तापलं की मोहरीचा एक दाणा टाकून बघायचा, लगेच वर येऊन फुटला तर बाकीची टाका, तळाशी गप्प बसला तर थांबा. कच्ची मोहरी कडू लागते आणि दहीभातासारख्या सौम्य गोष्टीत ती लपत नाही. मोहरीचा तडतडाट ओसरायला लागला की गॅस बारीक करून अर्धा चमचा उडीद डाळ, ती बदामी व्हायच्या जरा आधीच पुढचं सगळं टाकायचं कारण तेल गरम असेपर्यंत ती रंगतच राहते: बारीक चिरलेलं आलं, हिरवी मिरची, हिंग, आणि सगळ्यात शेवटी कढीपत्ता, पुसून कोरडा केलेला. गॅस बंद. हरभरा डाळ दहीभातात मी घालत नाही, सकाळी कुरकुरीत असते आणि दुपारी ना कुरकुरीत ना मऊ, दातात येते नुसती. ती लिंबूभातासाठी राखून ठेवा.

फोडणी दोन-तीन मिनिटं निवू द्या, मग भातावर. कडकडीत तेल दह्यावर पडलं की जिथे पडेल तिथे दही फाटतं. चुरचुर आवाज ऐकायला छान वाटतो पण तो आवाज वरणावर, दहीभातावर नाही. सांडगी मिरची तळून वेगळ्या कागदात न्या, भातात कुस्करायची ती खायच्या वेळी.

फ्रिजमधला भात म्हणजे कुठला भात

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिळा भात वापरायचा म्हणजे रात्री वेळेवर फ्रिजमध्ये गेलेला भात, रात्रभर ओट्यावर राहिलेला नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते भात शिजवला तरी मरत नाहीत, आणि भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं उलट्या करवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही, शिट्ट्या काढून उपयोग नाही. भाताला वास येतो, तार येते तेव्हा तो खराब हे आपण ओळखतो, पण वास नाही म्हणजे चांगला असं मात्र नाही. मुंबईच्या दमट उकाड्यात बंद कुकरमधला भात रात्री कितीतरी वेळ कोमट राहतो.

तेव्हा जेवण झालं की उरलेला भात पसरट डब्यात काढा, थर पातळ, वाफ निघाली की झाकण लावून तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्याच दिवशी संपवा. घट्ट झाकण लावलं की वरचे दाणे वाळत नाहीत हा वरचा फायदा. शिळा भात एकदाच गरम करायचा, गरम केलेला परत ठेवून पुन्हा गरम करायचा नाही.

बऱ्याच जणांना ती जुनी युक्ती माहीत असते, कोमट दूधभातात चमचाभर दही घालून डबा भरायचा, प्रवासात त्याचं आपोआप दही लागतं आणि दुपारी आंबट नसलेला दहीभात मिळतो. युक्ती चांगलीच आहे, पण ती सकाळी ताज्या शिजवलेल्या भातासाठी ठेवा. शिळ्या भाताला परत चार-पाच तास कोमट ठेवणं म्हणजे त्या जिवाणूंना बोलावणंच. शिळ्याचा दहीभात थंड कालवायचा, थंड न्यायचा, थंड ठेवायचा. ऑफिसात फ्रिज नसेल तर बर्फाचं पाकीट घातलेली पिशवी घ्या, तेही नसेल तर सरळ त्या दिवशी पोळी-भाजी न्या.

लिंबूभात

इथे तक्रार उलटी येते, भात कोरडा, घशाला लागतो, घोट घोट पाणी प्यावं लागतं, किंवा कडू होतो. गंमत म्हणजे लिंबूभाताला फ्रिजमधला भात ताज्यापेक्षा बरा, आवळलेला असल्यामुळे दाणे परतताना मोडत नाहीत. पण म्हणून तो थेट कढईत टाकला की तेलाचा थर बसतो आणि मग आत पाणी शिरत नाही, वरून चकचकीत आणि आतून कडक, हाच तो घशाला लागणारा भात. तेव्हा इथेही आधी वाफ, फक्त पाणी कमी: दोन वाट्या भाताला तीन चमचे पाणी शिंपडून, झाकून वाफ, आणि मग परातीत पसरून पाच मिनिटं वरची वाफ जाऊ द्यायची. दाणा चपटा होईल पण फुटणार नाही, वर सांगितलं तसं. बासमती इथे चालतो, आंबेमोहोर नको.

फोडणीला तेल जरा सढळ, दोन मोठे चमचे, कमी तेलाचा लिंबूभात कोरडाच लागतो, त्यात डाएट करू नका. शेंगदाणे आधी तळून बाजूला, मग मोहरी, हरभरा डाळ, ती रंगायला लागली की उडीद डाळ, कारण हरभऱ्याला वेळ जास्त लागतो, एकत्र टाकल्या तर उडीद करपते. मिरची, कढीपत्ता, हिंग, गॅस बंद आणि मगच पाव चमचा हळद. हळद जळली की कडू होते आणि नाव लिंबाचं होतं.

लिंबाचं नाव खरंच घ्यायचं तर दोनच गोष्टींसाठी, एक म्हणजे रस फोडणीत उकळला, दुसरं म्हणजे शेवटचा थेंब काढायला साल पिळून पिळून चुरगाळली आणि एखादी बी आत गेली. मे महिन्यात लिंबाचा भाव बघून तसं करायचा मोह होतो, कळतं मला. पातळ सालीची कागदी लिंबं घ्या, कापायच्या आधी ओट्यावर तळहाताने लाटा, रस आपोआप सुटतो. दोन वाट्या भाताला दोन मोठे चमचे रस, मीठ त्या रसातच विरघळवून, म्हणजे ते कुठे जास्त कुठे कमी होत नाही. भात फोडणीत कालवून झाल्यावर, गॅस बंद असताना रस फिरवायचा, वरून हलक्या हाताने खालीवर करायचं आणि झाकून पंधरा मिनिटं ठेवायचं. लगेच चाखला तर आंबट वर वर लागतो, पंधरा मिनिटांनी दाण्यात मुरतो, तेव्हा मीठ-लिंबू आत्ताच वाढवू नका.

लिंबाने भात मऊ होईल या भरवशावरही राहू नका, आंबटपणाने दाणा मऊ होत नाही. तोही शिळ्या भाताचा, म्हणून ऑफिसला पोचल्यावर हाही डबा फ्रिजमध्येच. दुपारी तो परत थोडा कडक होणार हे धरून चालायचं, पण सकाळी एकदा वाफवून झालेला असतो म्हणून परत गरम करायचा नाही, जेवायच्या वीस मिनिटं आधी डबा बाहेर काढून ठेवायचा. उरला तर परत न्यायचा नाही. शेंगदाणे वेगळ्या पुडीत नेले तर कुरकुरीत राहतात. आणि लिंबाची एक फोड सोबत असू द्या, दुपारपर्यंत रसाचा वास उडतो, वरून दोन थेंब पिळले की परत येतो.

वहिनींचा कालचा मेसेज, कुकरची एक शिट्टी झाली, दूध दीड वाटी लागलं कारण दही फारच घट्ट होतं, चमचा उभा राहिला नाही. पण मीठ कमी वाटलं म्हणे. दूध वाढवलं की मीठही चिमूटभर वाढवायचं, आणि गार पदार्थात मीठ जिभेला कमी कळतं, म्हणून दहीभात कोमट असताना किंचित खारट वाटला तर तो बरोबर आहे.